स्कीमचा हिशेब दुकानाच्या फळीवर

पांढरकवड्याच्या बाजारात एखाद्या किराणा दुकानापुढे सेल्समनची मोटारसायकल थांबली की दुकानदार आधी विचारतो, "या महिन्यात स्कीम काय आहे?" भाव त्याला ठाऊक असतो आणि मालही ओळखीचा असतो. ऑर्डर दोन पेट्यांची द्यायची की वीस पेट्यांची, हे मात्र स्कीमवर ठरते. केळापूर तालुक्याचे हे मुख्य गाव नागपूर-हैदराबाद महामार्गावर आहे. इथल्या वितरकाच्या गोदामातून साबण, चहा, बिस्किटे, तेलाच्या पाऊचच्या पेट्या पाटणबोरी, रुंझा, मोहदा अशा गावांतल्या दुकानांपर्यंत जातात आणि प्रत्येक कंपनीच्या पेटीमागे काही ना काही सवलत चिकटलेली असते.

या सवलतींचे प्रकार मोजकेच आहेत. दहा पेट्यांवर एक पेटी मोफत. जितका माल जास्त तितकी टक्केवारी जास्त, म्हणजे स्लॅब. तिमाहीचे टार्गेट पूर्ण केल्यास क्रेडिट नोट. रोख पैसे दिल्यास जादा सूट. आणि समोरच्या फळीवर माल मांडून ठेवल्याबद्दल किंवा शाम्पूच्या लडी दर्शनी भागात टांगल्याबद्दल दरमहा ठरावीक रक्कम, जिला बाजारात नुसते 'डिस्प्ले' म्हणतात. यातला प्रत्येक रुपया कोणाच्या तरी नफ्यातून जातो. तो परत येतो का, हे तपासण्याची पद्धत मात्र बहुतेक ठिकाणी कच्ची आहे. महिनाअखेरीला विक्रीचा आकडा वाढलेला दिसला की स्कीम यशस्वी झाली असे धरले जाते आणि नेमकी तिथेच चूक होते.

माल गेला, पण विकला गेला का?

कंपनीच्या मालाच्या तीन वेगवेगळ्या विक्री असतात. कंपनीकडून वितरकाकडे माल गेला की ती प्रायमरी. वितरकाकडून दुकानदाराकडे गेला की सेकंडरी. दुकानातून गिऱ्हाइकाच्या पिशवीत गेला की खरा खप. पहिल्या दोन्हींची बिले होतात, म्हणून त्यांचे आकडे संगणकावर लगेच दिसतात. तिसऱ्याची नोंद गावातल्या बहुतेक किराणा दुकानांत होतच नाही, कारण पाच रुपयांच्या साबणाचे बिल कोणी फाडत नाही. स्कीमचे यशापयश ठरते ते या तिसऱ्या आकड्यावर, आणि मोजले जाते दुसऱ्या आकड्यावर.

एक हिशेब सविस्तर मांडून पाहू. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, पण त्यांची जात रोजच्या व्यवहारातलीच आहे. कपडे धुण्याच्या साबणाची एक पेटी दुकानदाराला ५०० रुपयांना पडते. माल तयार करणे, वाहतूक, वितरकाचे कमिशन असा सगळा खर्च धरून कंपनीला ती ३७५ रुपयांत पडते, म्हणजे पेटीमागे १२५ रुपये सुटतात. तालुक्यात एरवी महिन्याला ४०० पेट्या जातात. कंपनीने एका महिन्यासाठी 'दहावर एक मोफत' अशी स्कीम लावली. त्या महिन्यात ६०० पेट्यांचे पैसे आले आणि ६० पेट्या फुकट गेल्या. वितरक खूष, सेल्समनचे टार्गेट पूर्ण, वरच्या साहेबांच्या तक्त्यात ५० टक्के वाढ.

त्या एका महिन्याचा नफा काढला तरी चित्र बरे दिसते. ६०० पेट्यांचे तीन लाख रुपये आले आणि ६६० पेट्यांचा खर्च २,४७,५०० रुपये झाला. शिल्लक ५२,५०० रुपये. एरवी ५०,००० सुटले असते, म्हणजे अडीच हजार जास्त. इथे हिशेब थांबवला तर स्कीम पुन्हा लावायला कोणीही मान्यता देईल.

पण पुढच्या महिन्यात त्याच तालुक्यातून २९० पेट्यांचीच ऑर्डर आली, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात ३६० पेट्यांची. दुकानांच्या मागच्या खोलीत स्कीमचा माल पडून होता, तो संपेपर्यंत नवा माल कशाला लागेल? तिन्ही महिने मिळून १,२५० पेट्यांचे पैसे आले, म्हणजे ६,२५,००० रुपये. बाजारात गेल्या १,३१० पेट्या, त्यांचा खर्च ४,९१,२५० रुपये. हाती राहिले १,३३,७५० रुपये. स्कीम लावलीच नसती तर तीन महिन्यांत १,२०० पेट्या जाऊन दीड लाख सुटले असते. ज्या स्कीमने अडीच हजार कमावल्याचे दिसत होते, तिने प्रत्यक्षात १६,२५० रुपये घालवले होते.

या हिशेबात साबण जास्त खपला नाही असे नाही. तीन महिन्यांत ११० पेट्या खरोखरच जास्त गेल्या. पण स्कीमच्या महिन्यातली वाढ २६० पेट्यांची होती आणि त्यातल्या दीडशे पेट्या पुढच्या दोन महिन्यांतून उसन्या आणलेल्या होत्या. शिवाय ज्या ४०० पेट्या एरवीही गेल्याच असत्या, त्यांच्यावरही सवलत द्यावी लागली. सवलतीनंतर बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पेटीमागे १२५ ऐवजी साधारण ८० रुपयेच सुटतात, म्हणून नुसते बरोबरीत यायला ४०० च्या जागी जवळजवळ ६२९ पेट्या जायला हव्यात. ही ५७ टक्क्यांची वाढ उसनी नसलेली, खपाची हवी. दहावर एक म्हणजे ऐकायला लहान सवलत वाटते. पण नफ्याचे प्रमाण जितके कमी, तितकी बरोबरीची रेषा उंच जाते.

कापसाचा पैसा आणि फसवी तुलना

खरा खप मोजायला यंत्रसामग्री लागत नाही. अमेरिकेत आर्थर नीलसन यांच्या संस्थेने १९३० च्या दशकात दुकानांची पाहणी सुरू केली, तिचे सूत्र आजही तसेच वापरता येते: सुरुवातीचा साठा, अधिक मधली खरेदी, वजा शेवटचा साठा. समजा एका दुकानात एक तारखेला साबणाच्या तीन पेट्या होत्या. स्कीममध्ये दुकानदाराने वीसवर दोन अशा बावीस पेट्या उचलल्या. महिनाअखेरीला सेल्समनने फळीवरच्या आणि आतल्या पेट्या मोजल्या तर एकोणीस निघाल्या. विकल्या गेल्या सहा. त्या दुकानाचा नेहमीचा खप चारचा असेल, तर कंपनीच्या संगणकातल्या बावीस पेट्यांच्या मागे खरी वाढ आहे दोन पेट्यांची. मोठी, मध्यम, लहान अशी वीसेक दुकाने निवडून स्कीमच्या आधी, स्कीम संपताना आणि त्यानंतर दोन महिन्यांनी अशी मोजणी केली, की तालुक्याचा अंदाज बांधता येतो.

दुसरा प्रश्न तुलनेचा. स्कीमच्या आधीच्या महिन्याशी तुलना करणे सोपे असते, पण केळापूरसारख्या कापसाच्या तालुक्यात ती हमखास फसवते. जून-जुलैत शेतकऱ्याचा पैसा बियाण्यात आणि खतात जातो आणि किराण्याची उधारी चढते. दिवाळीच्या आगेमागे कापूस विकला जाऊ लागतो, तशी उधारी फिटते आणि गिऱ्हाईक छोट्या पुडीऐवजी मोठे पाकीट मागू लागते. नोव्हेंबरात लावलेल्या स्कीमला हा सगळा कापसाचा पैसा आपलाच पराक्रम म्हणून दाखवता येतो. उलट ऑगस्टमध्ये लावलेली चांगली स्कीमही पडलेली दिसते.

म्हणून त्याच काळात स्कीम नसलेला, पण तसाच दुसरा भाग तुलनेला घ्यावा लागतो, आणि तो निवडताना जिल्हा ओळखीचा हवा. केळापूरशी घाटंजी किंवा राळेगावची तुलना चालते, कारण तिथलाही पैसा कापसाच्याच वेळापत्रकाने येतो. वणी जवळ असूनही चालत नाही. तिथे कोळसा खाणी आहेत, दरमहा पगार होतात आणि त्यामुळे बाजाराची चाल वेगळी असते. केळापुरात स्कीमच्या काळात खप तीस टक्के वाढला आणि स्कीम नसलेल्या घाटंजीतही बावीस टक्के वाढला, तर स्कीमच्या नावावर आठच टक्के लिहिता येतील.

आणखी एक गळती घरातल्या घरात असते. त्याच कंपनीचा दुसरा साबण स्कीमशिवाय त्याच फळीवर असेल, तर दुकानदार या महिन्यात तो मागवतच नाही. एका ब्रँडची वाढ दुसऱ्याच्या घटीतून आली असेल तर तीही वजा करायची. एकेका मालाचा वेगळा तक्ता पाहणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

स्लॅब कोण उचलतो?

मोठ्या खरेदीवरची सूट देताना कंपनीच्या डोळ्यांपुढे जास्त विकणारा दुकानदार असतो. ती प्रत्यक्षात उचलतो बहुधा ठोक व्यापारी. समजा दहा पेट्यांवर दोन टक्के, पंचवीसवर चार आणि पन्नासवर सात टक्के असा स्लॅब आहे. ठोकवाला पन्नास पेट्या ४६५ रुपयांनी घेतो आणि शेजारच्या गावातल्या छोट्या दुकानदाराला सुट्या पेट्या ४८० ला देतो. वितरकाचा सेल्समन त्याच दुकानात दोन पेट्यांसाठी ५०० सांगतो. दुकानदार अर्थातच ठोकवाल्याकडे जातो. माल तितकाच खपला, गिऱ्हाइकाला पूर्वीचीच किंमत पडली, पण कंपनीची सात टक्के सूट गेली आणि वितरकाची बीट मोडली.

हे ओळखायच्या खुणा आहेत. दुकानांची महिन्याची खरेदी उतरंडीने मांडली तर ती साधारण सलग पसरलेली दिसायला हवी. ती नेमकी दहा, पंचवीस, पन्नास या आकड्यांवरच साचलेली दिसली, तर लोक खपासाठी नव्हे, स्लॅबसाठी खरेदी करत आहेत. महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांत निम्म्याहून जास्त बिले होत असतील तर तेच. टपरीवजा दुकानाच्या नावावर पन्नास पेट्यांचे बिल असेल, तर चार दुकानांची ऑर्डर एका नावावर घालून स्लॅब गाठलेला असतो. पेटीवरचा बॅच नंबर सगळ्यात पक्का पुरावा देतो: पांढरकवड्याला पाठवलेली बॅच दुसऱ्या तालुक्यात किंवा दुसऱ्या राज्यात सापडली, की सूट कुठे गेली ते कळते. पाटणबोरी-पिंपळखुटीच्या पुढे आदिलाबाद जिल्हा लागतो. अशा सीमेवरच्या तालुक्यात दोन राज्यांसाठी दोन वेगळ्या स्कीम ठेवल्या, तर जिकडे भाव चढा तिकडे माल जाण्याची वाट मोकळीच असते.

किंमतीतली ही तफावत किती टोकाला जाऊ शकते ते महाराष्ट्राने पाहिले आहे. २०२१ च्या अखेरीस वितरकांच्या अखिल भारतीय संघटनेने कंपन्यांना पत्र लिहून तक्रार केली, की आपल्या मार्गाने दुकानदाराला ८ ते १२ टक्के मार्जिन मिळते, तर मोठ्या ठोक साखळ्या आणि ऑनलाइन घाऊक कंपन्या १५ ते २० टक्के देतात. मागणी समान दराची होती. त्यातून १ जानेवारी २०२२ पासून महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या मॅक्स फ्रेश टूथपेस्टचा पुरवठा थांबवला. वर्षानुवर्षे उधारीवर माल देऊन गावोगावची दुकाने सांभाळणाऱ्या माणसांवर ही वेळ आली, याचे एक मोठे कारण एकाच मालाला दोन वाटांनी मिळणारी वेगवेगळी सूट हे होते. स्कीमच्या हिशेबात दुखावलेल्या वितरकाची किंमत कुठल्याच रकान्यात धरली जात नाही, आणि ती धरायला हवी.

मांडणीचे पैसे

डिस्प्लेचा हिशेब वेगळा आहे, कारण तो पेटीमागे नसून दुकानामागे ठरलेला असतो. महिन्याला ३०० रुपये दिले आणि पेटीमागे १२५ सुटत असतील, तर दुकानाने जवळजवळ अडीच पेट्या जास्त विकल्या पाहिजेत. चाळीस पेट्या विकणाऱ्या बसस्थानकाजवळच्या दुकानाला ही सहा टक्के वाढ झाली. समोर मांडलेल्या मालातून ती मिळू शकते. चार पेट्या विकणाऱ्या खेड्यातल्या दुकानाला हीच वाढ साठ टक्के होते आणि ती कधीच मिळत नाही. सगळ्या दुकानांना सारखी रक्कम वाटली की लहान दुकानांवरचा पैसा बुडालाच म्हणून समजावे. अशा दुकानांना रोख रकमेऐवजी लडी अडकवायचा स्टँड किंवा बरणी देणे स्वस्त पडते आणि ती वस्तू पुढच्या वर्षीही कामी येते.

पुरावा म्हणून सेल्समन मोबाइलवर फोटो काढून पाठवतो. फोटो एक तारखेचा असतो. पाच तारखेला त्या फळीवर दुसऱ्या कंपनीचा माल आलेला असू शकतो. म्हणून महिन्यातून एकदा, न सांगता, सेल्समनशिवाय दुसऱ्याच कोणीतरी निवडक दुकानांत जाऊन पाहणे हाच उपाय उरतो. त्याहून महत्त्वाची तपासणी अशी: डिस्प्लेचे पैसे घेणाऱ्या दुकानांच्या जोडीला तेवढ्याच उलाढालीची, पैसे न घेणारी दुकाने ठेवायची आणि दोन्हींचा फळीवरचा खप तीन महिने मोजायचा. चांगले खपणारे उत्पादन दुकानदार फुकटही समोर ठेवतो. त्याच्या हातात पैसे दिल्याने काय बदलले, एवढेच यातून शोधायचे असते.

कृषी केंद्राची वेगळी गोष्ट

केळापुरात स्कीमचा सर्वांत मोठा खेळ किराण्यात नव्हे, कृषी केंद्रात चालतो. बीटी कापसाच्या पाकिटाची कमाल किंमत २०१६ पासून केंद्र सरकार ठरवते. २०२५-२६ च्या हंगामात बीजी-२ च्या ४७५ ग्रॅम पाकिटाला ती ९०१ रुपये होती. वरची किंमत बांधलेली असल्याने कंपन्यांची चढाओढ विक्रेत्याच्या मार्जिनवर आणि हंगामाअखेरच्या क्रेडिट नोटेवर येते. इथे गिऱ्हाईक नाव घेऊन माल मागतेच असे नाही, पुष्कळदा शेतकरी विक्रेत्यालाच विचारतो, "यंदा कोणतं चांगलं?" त्यामुळे स्कीमचा परिणाम फळीवर न थांबता थेट शेतात उतरतो.

परतफेडीच्या दृष्टीने कृषी केंद्राच्या स्कीममध्ये पाहायची गोष्ट म्हणजे परत येणारा माल. हंगाम संपल्यावर न विकलेले बियाणे कंपनीकडे परत जाते. मेमध्ये दोनशे पाकिटे उचलून वरचा स्लॅब गाठला आणि सप्टेंबरात साठ परत केली, तर सूट एकशे चाळीसवर द्यायला हवी. ती उचललेल्या मालावर दिली, तर विक्रेत्याला जास्त उचलून परत करण्याचेच बक्षीस मिळते आणि परतीची वाहतूक कंपनीच्या अंगावर पडते. कीटकनाशकांत मामला याहून गंभीर आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती. पण ज्या जिल्ह्याने ते पाहिले, तिथे विक्रेत्याचे बक्षीस विकलेल्या लिटरवर बांधताना ते औषध त्या पिकाला, त्या किडीला लागत होते का, हा प्रश्न स्कीमच्या कागदावर असलाच पाहिजे. गरज नसताना विकलेला माल कंपनीच्या तक्त्यात वाढ म्हणून दिसतो आणि शेतकऱ्याच्या खर्चात तोटा म्हणून.

कर आणि कागद

स्कीमचे रूप करानेही बदलते. बिलावरच दाखवलेली सूट जीएसटीच्या मूल्यातून वजा होते. विक्रीनंतर दिलेली सूट वजा करायची असेल तर ती आधी ठरलेली असावी आणि संबंधित बिलांशी जोडता यावी, अशी अट २०२५ मध्ये होती. १२ सप्टेंबर २०२५ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले, की नुसती विक्रीनंतरची सूट म्हणजे विक्रेत्याने दिलेल्या सेवेचा मोबदला नव्हे. पण मांडणी किंवा जाहिरातीसारख्या ठरावीक कामाचा वेगळा करार असेल, तर त्या रकमेवर जीएसटी लागतो. डिस्प्लेचे पैसे सुटीत मिसळून देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे.

बक्षीस म्हणून दिलेले सोन्याचे नाणे, टीव्ही, सहली यांनाही आता कराची किंमत आहे. १ जुलै २०२२ पासून आयकर कायद्यातले कलम १९४-आर लागू झाले. वर्षाला वीस हजारांपेक्षा जास्त किमतीचा असा लाभ दिला तर दहा टक्के कर आधी कापावा लागतो. साधी रोख सूट त्यातून वगळली आहे. त्यामुळे साठ हजारांच्या सहलीचा खरा खर्च कंपनीला आणि खरा लाभ विक्रेत्याला किती, हे कर धरून मोजावे लागते.

दुकानदाराचा आणि कंपनीचा निर्णय

परतफेड दुकानदारानेही तपासायची असते. वीसवर दोन पेट्या घेतल्या की हजार रुपयांचा माल फुकट आला असे वाटते. महिन्याला चार पेट्या खपत असतील, तर बावीस पेट्या संपायला साडेपाच महिने लागतात. नेहमीपेक्षा सरासरी चार हजार रुपये जास्त अडकतात. ते महिना दोन टक्क्यांनी उचललेले असतील, तर ४४० रुपये व्याजात जातात. उंदीर, ओल, तारीख उलटणे हे त्यातूनही वजा. दोन महिन्यांच्या खपापेक्षा जास्त माल स्कीमसाठी उचलू नये, असा अंदाज जुने दुकानदार बांधतात तो यामुळेच.

स्कीमचा पैसा परत येतो का, हा प्रश्न जगभरचा आहे. १९९० मध्ये अब्राहम आणि लोडिश या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या व्यापारी स्कीम तपासल्या, तेव्हा त्यांतल्या अवघ्या १६ टक्के फायद्यात निघाल्या. प्रॉक्टर अँड गॅम्बलने त्याच दशकाच्या सुरुवातीला व्यापाऱ्यांच्या सवलती कमी करून रोजची किंमत उतरवली, आणि त्यात तिचा बाजारातला वाटा घटला. स्पर्धक स्कीम देत असताना एकट्याने थांबणे किती महाग पडते, हे त्यातून दिसले. पांढरकवड्याचा वितरकही हेच सांगेल: आपण बंद केली तर दुकानदार दुसऱ्याचा साबण मांडेल.

म्हणून स्कीम पूर्ण बंद करण्यापेक्षा तिची रचना बदलणे हाती राहते. सूट नेहमीच्या खपाच्या वर गेलेल्या पेट्यांवरच द्यावी आणि प्रत्येक दुकानाला मर्यादा ठेवावी. स्कीम पंधरा दिवसांत संपवावी, म्हणजे साठेबाजीला वेळ कमी मिळतो. क्रेडिट नोट परतीचा माल वजा करूनच काढावी. वितरकाने स्वतःच्या खिशातून आधी दिलेल्या सुटीचा क्लेम कंपनीने ठरलेल्या मुदतीत चुकता करावा. तो महिनोन्‌महिने अडकला तर स्कीमचा खर्च गुपचूप वितरकाच्या भांडवलावर येतो. आणि स्कीम लावण्याआधीच एका कागदावर तीन आकडे लिहून ठेवावेत: नेहमीचा खप किती, बरोबरीत यायला किती वाढ हवी, आणि संपल्यावर कोणत्या महिन्यात, कोणत्या वीस दुकानांत पेट्या मोजायच्या.